‘प्रत माहितीस्तव’ साहेबांना

*मी चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत परचेसमध्ये आहे. दीड वर्षापूर्वी डिझाइनमधल्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलेला बदल मी व्हेंडरला कळवला. दोन हजार नग चुकीचे आले आणि मीटिंगमध्ये तो म्हणाला, ‘मी असं बोललोच नव्हतो.’ माझ्याकडे लेखी काही नव्हतं. मेमो मला मिळाला. तेव्हापासून मी प्रत्येक मेलला आमच्या साहेबांना सीसीमध्ये ठेवते, मेल कुणालाही असो. आता क्वालिटीतला सहकारी, ज्याच्याशी माझं छान जमायचं, माझा फोन उचलत नाही. ‘मेल करा’ म्हणतो, आणि उत्तर देताना त्याच्या साहेबांना सीसीत घेतो. कँटीनमध्ये टेबल बदलतो. मी कुणाची तक्रार केलेली नाही, फक्त स्वतःला सांभाळते आहे. सीसी बंद केलं आणि पुन्हा तसंच झालं तर मला कोण वाचवणार?*

*— एक वाचक, चाकण*

मेमो मिळाल्याची बोच मला समजते. चूक दोघांची असताना एकट्याच्या नावावर कागद निघणं हे माणूस सहजी विसरत नाही, आणि विसरावं असं मी म्हणणारही नाही. पण त्या दिवशी नेमकं काय घडलं ते पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. बदल फोनवर सांगितला गेला. मेल कुणी लिहिलाच नाही. म्हणजे त्या महिन्यात तुम्ही साहेबांना शंभर मेलमध्ये सीसी केलं असतं, तरी हा एकशे एकावा मेल नसल्यामुळे मेमो मिळायचा तो मिळालाच असता. दीड वर्ष तुम्ही जे औषध घेताय, ते त्या दुखण्याचं नाही.

त्या दिवशी कमी पडला तो दोन-तीन ओळींचा एक मेल, आणि तो साहेबांना नव्हे, डिझाइनमधल्या त्याच माणसाला. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत. समजा ब्रॅकेटच्या छिद्राचा व्यास बदलायचा होता, तर असा:

‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे ब्रॅकेटच्या छिद्राचा व्यास ८.२ ऐवजी ८.५ मिमी करायचा आहे. सुधारित ड्रॉइंग आलं की व्हेंडरची ऑर्डर त्याप्रमाणे बदलते. तोवर त्यांना काम थांबवायला सांगितलं आहे. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर आज चारपर्यंत सांगा.’

यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मधलं आहे. ‘ड्रॉइंग आलं की ऑर्डर बदलते’ म्हटल्यावर त्याच्या गप्प बसण्याला होकार समजायची वेळच तुमच्यावर येत नाही. पुष्कळ जण ‘उत्तर आलं नाही तर मंजूर समजेन’ असं लिहितात. भेटीच्या वेळेसाठी किंवा ट्रक कधी सोडायचा एवढ्यासाठी ते चालतं, मापाच्या बदलासाठी चालत नाही. तुमच्या परचेस ऑर्डरवर ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन छापलेलं असतं. ऑर्डरवर ‘रिव्हिजन सी’ असताना व्हेंडरला तोंडी काहीतरी वेगळं करायला सांगणं, हे ते भोक होतं ज्यातून दोन हजार नग गळाले. ते भोक आजही उघडं आहे का, हे आधी बघा. इंजिनिअरिंग चेंज नोटशिवाय व्हेंडरला मापातला कुठलाही बदल कळवायचा नाही, हा नियम तुम्ही स्वतःपुरता आजपासून पाळू शकता. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आणि तो मेल फक्त एका माणसाला गेला म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. तुमच्या सेंट फोल्डरमध्ये तो तारखेसकट, वेळेसकट, कुणाला गेला त्या नावासकट पडून असतो. उद्या मीटिंगमध्ये कुणी ‘बोललोच नव्हतो’ म्हटलं, तर तिथल्या तिथे तो साहेबांना फॉरवर्ड करता येतो. पुरावा हा लिहून ठेवण्यातून तयार होतो. साहेबांनी तो मेल आल्या दिवशी पाहिला होता की नाही, याने त्यात काही भर पडत नाही. तुम्ही लेखी नोंद आणि साहेबांची हजेरी या दोन गोष्टी एकत्र बांधल्यात. पहिली गोष्ट तुम्हाला हवीच आहे, ती सोडू नका. दुसरी सुटी करा.

आता तुमच्या क्वालिटीतल्या सहकाऱ्याकडे येते.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मध्ये कार्बन घालून जी प्रत निघायची, ती. ईमेलची मांडणी ठरवणारा आरएफसी २८२२ नावाचा तांत्रिक दस्तऐवज २००१ साली निघाला होता. त्यातही सीसीची ओळख याच कार्बनच्या प्रतीने करून दिली आहे, आणि पुढे म्हटलं आहे की मेल या लोकांनाही मिळेल, पण मजकूर त्यांना उद्देशून असेलच असं नाही. तुमच्या मेलमध्ये नेमकं उलटं होऊ लागलं आहे, असा माझा अंदाज आहे. नाव सहकाऱ्याचं, आणि मजकूर साहेबांना उद्देशून.

हे ओळखायचं कसं? तुमचे गेल्या महिन्यातले पाच मेल काढून वाचा. ‘आपणांस दि. १२ रोजी कळविल्याप्रमाणे’, ‘वारंवार विनंती करूनही’, ‘खालील ट्रेल मेल पाहावा’ अशी वाक्यं सापडली, तर ती त्याच्यासाठी लिहिलेली नाहीत. बाराला तुम्ही काय कळवलंत हे त्याला माहीतच आहे. ते माहीत नाही अशा तिसऱ्या माणसाला सांगण्यासाठी ते वाक्य आलं आहे. तिसरा माणूस वाचतोय हे लक्षात आलं की आपली भाषाच बदलते, आपल्या नकळत. ‘अरे, त्या लॉटचं काय झालं?’ याचं ‘सदर लॉटच्या तपासणीचा अहवाल अद्याप अप्राप्त आहे’ होतं. वाचणाऱ्याला तो फरक पहिल्या ओळीत जाणवतो.

आपल्याकडच्या सरकारी पत्रांमध्ये या बाबतीत एक फार चांगली पद्धत आहे. पत्राच्या खाली डाव्या बाजूला ‘प्रत’ असं लिहून ज्यांना ज्यांना प्रत जाते त्यांची यादी असते, आणि ती कशासाठी जाते तेही लिहिलेलं असतं. कुणाला ‘माहितीस्तव सविनय सादर’, कुणाला ‘माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी’, तर शेवटी ‘निवड नस्ती’. ज्याला मूळ पत्र मिळालं त्याला दिसतं की जिल्हाधिकाऱ्यांना प्रत का गेली. ईमेलमध्ये नाव तेवढं राहिलं, कारण गळून पडलं. मग वाचणारा ते कारण स्वतः भरतो, आणि रिकामी जागा माणूस क्वचितच चांगल्या अर्थाने भरतो. तुम्ही ‘माहितीस्तव’ पाठवलंत. त्याने ‘कार्यवाहीसाठी’ वाचलं.

२०१७ साली केंब्रिज विद्यापीठातले डेव्हिड डी क्रेमर यांनी याच विषयावरचे आपले प्रयोग आणि पाहण्या प्रसिद्ध केल्या होत्या. सहकारी आपल्याला मेल करताना वरिष्ठांना नेहमी सीसीत ठेवतो, कधीकधी ठेवतो किंवा जवळजवळ कधीच ठेवत नाही, अशा परिस्थितींची त्यांनी तुलना केली. जिथे साहेब नेहमी सीसीत होते, तिथे लोकांना आपल्यावर विश्वास नाही असं जास्त वाटलं, आणि तेवढ्यावर न थांबता एकूण कंपनीतच विश्वासाचं वातावरण नाही असं त्यांचं मत होत गेलं. मला यातला ‘नेहमी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एखाद्या वेळचा सीसी हा त्या विषयाबद्दल असतो. प्रत्येक वेळचा सीसी हा त्या माणसाबद्दल होतो. तुम्ही सगळ्यांनाच तसं करता, हे त्याला कुठून दिसणार? त्याच्या इनबॉक्समध्ये फक्त त्याला आलेले मेल आहेत.

तुमचं नक्की काय गेलं, हेही सांगते, कारण कँटीनमधल्या रिकाम्या खुर्चीपेक्षा ते मोठं आहे. मी बावीस वर्षं मटेरियल्समध्ये काम केलं, त्यातली बरीचशी भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात, त्यामुळे हे चित्र मला डोळे मिटून दिसतं.

समजा व्हेंडरकडून बुशचा लॉट आला. स्टोअरने माल मिळाल्याचा जीआरएन केला, नमुने इनकमिंग इन्स्पेक्शनला गेले. सकाळी अकरा वाजता क्वालिटीतल्या माणसाला दिसलं की बाहेरचा व्यास वरच्या मर्यादेच्या किंचित पलीकडे आहे, दोन शतांश मिलिमीटरने. अजून त्याने पाचच नग मोजलेत. अजून तो गेज तपासणार आहे, आणखी नग घेणार आहे. ही बातमी अर्धी कच्ची आहे. जमत असलेल्या सहकाऱ्याला तो या क्षणी फोन करतो: ‘तुमचा बुशचा लॉट जरा वरच्या बाजूला दिसतोय. अजून बघतोय. पण व्हेंडरकडे दुसरा लॉट तयार आहे का विचारून ठेवा, आणि डेव्हिएशन लागलंच तर डिझाइनवाले चारनंतर नसतात, आत्ताच कानावर घाला.’ तुम्ही व्हेंडरला फोन करता. डेव्हिएशनचा, म्हणजे माप थोडं चुकलेला माल वापरू देण्याच्या परवानगीचा, फॉर्म भरायला घेता. तीनपर्यंत डिझाइनची सही मिळते किंवा नाही मिळत, पण नाही मिळाली तरी दुसरा लॉट संध्याकाळच्या टेम्पोत बसलेला असतो. सकाळी सातची पहिली शिफ्ट सुरू होते. कुणाला कळतही नाही की काही अडचण होती.

आता तोच लॉट, तोच व्यास, फक्त तुम्ही दोघं आजच्या अवस्थेत. अकरा वाजता त्याला तेच दिसतं. तो फोन करत नाही, कारण त्याचं अर्धं कच्चं वाक्य उद्या मेलमध्ये ‘आपण सकाळी ११ वाजता सांगितल्याप्रमाणे’ म्हणून त्याच्या साहेबांपुढे येईल, याची त्याला खात्री आहे. म्हणून तो पूर्ण तपासणी करतो, गेजचं कॅलिब्रेशन बघतो, अहवाल लिहितो, त्याच्या साहेबांची सही घेतो. पावणेसहाला सिस्टिममध्ये रिजेक्शन टाकतो आणि दोन्ही साहेबांना सीसी ठेवून तुम्हाला मेल करतो. त्याचं कुठेही काहीही चुकलेलं नाही. माल लाल जाळीत गेला आहे, डिझाइनवाले घरी गेले आहेत, व्हेंडरचा माणूस फोन उचलत नाही, आणि सकाळी सातला लाइन उभी.

हे सहा-पावणेसात तास तुम्ही गमावलेत. कारखान्यात बहुतेक अडचणी आधी कुणाच्या तरी अर्धवट शंकेच्या रूपात येतात. ती शंका बोलून दाखवायला समोरच्या माणसाजवळ चुकायची मुभा लागते. साहेब कायम सीसीत असलेल्या नात्यात ती मुभा उरत नाही. म्हणून तुमच्याकडे पोहोचणारी प्रत्येक बातमी आता पक्की, सहीशिक्क्याची आणि उशिरा येते.

माझ्याबाबतीत हे स्टोअरकीपरशी झालं होतं. स्टॉकचा एक आकडा चुकला, ठपका माझ्यावर आला, आणि मी त्यांना दररोज शिल्लक विचारणारा मेल पाठवू लागले, प्लँट मॅनेजरना सीसी. ते वयाने मोठे, दहावी शिकलेले, इंग्रजी मेल लिहायला त्यांना पोराची मदत लागायची. पूर्वी ते जिन्यावर भेटले की सांगायचे, ‘मॅडम, सिस्टिम तीनशे दाखवतेय पण मला ढीग कमी वाटतोय, एकदा मोजून घेऊ.’ माझे मेल सुरू झाल्यावर त्यांनी फक्त सिस्टिमचा आकडा कळवायला सुरुवात केली. चार महिन्यांनी ऐन मार्चअखेर तो ढीग खरंच कमी निघाला. मी विचारलं, तुम्हाला अंदाज नव्हता का? ते म्हणाले, ‘होता की. पण अंदाज मेलमध्ये कसा लिहायचा?’ मला आजही ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं. त्यांच्या नजरेइतकं अचूक त्या गोदामात दुसरं काही नव्हतं, आणि मी ती माझ्या हाताने बंद केली.

पुढे मी स्वतः साहेबाच्या खुर्चीत बसले, तेव्हा दुसरी बाजूही कळली. रोज दीडशेच्या आसपास मेल यायचे, त्यातल्या निम्म्याहून अधिकांत मी फक्त सीसीला. मी एक रूल लावून ते सगळे वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असं केलं होतं, आणि तो फोल्डर शुक्रवारी संध्याकाळी, जमलं तर, वरवर चाळायचे. एकदा एका मुलाने मला मीटिंगमध्ये सांगितलं, ‘मॅडम, तुम्ही सीसीत होतात.’ खरंच होते. वाचलं नव्हतं. मला त्याचं कौतुक वाटलं नाही, की त्याच्यावर जास्त विश्वासही बसला नाही. वाटलं ते एवढंच, की हा आपली जबाबदारी न सांगता माझ्या टेबलावर ठेवून गेला. तुमचे साहेब निराळे असतीलही. पण दीड वर्षात तुमच्या सीसीतल्या किती मेलना त्यांनी उत्तर दिलं, हे मोजून बघा. आकडा फारच लहान असेल, तर ज्या छत्रीखाली तुम्ही उभ्या आहात असं तुम्हाला वाटतंय, ती उघडलेलीच नाही.

आता बंद कसं करायचं. एकदम करू नका. दीड वर्षांनी एका सोमवारी साहेबांचं नाव गायब झालं, तर साहेब विचारतील काय लपवताय आणि सहकारी म्हणेल आता बीसीसी करत असणार. (बीसीसी करूच नका, कधीही. साहेबांनी चुकून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की संपलं, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच मेलवर कुणी विश्वास ठेवणार नाही.)

सुरुवात साहेबांपासून करा. समोर बसून, दहा मिनिटं मागून. ‘सर, त्या दोन हजार नगांच्या प्रकरणानंतर मी तुम्हाला सगळीकडे सीसी करत होते. तुमचा इनबॉक्स त्याने भरतो आणि लोकांशी माझं काम अडतं. कोणत्या बाबतीत तुम्हाला माहिती हवीच आहे ते सांगा, त्यात मी चुकणार नाही. बाकीचं मी आठवड्याला एका यादीत देते.’ साहेब बहुधा तीन-चार गोष्टी सांगतील: ग्राहकाच्या डिलिव्हरीची तारीख हलणार असेल, खर्च अमुक रकमेच्या वर जात असेल, माल दुसऱ्यांदा रिजेक्ट झाला असेल. सुरक्षिततेशी संबंधित भाग असेल तर त्यांनी नाही म्हटलं तरी तुम्ही कळवा. त्यांनी सांगितलेलं त्याच दिवशी लिहून त्यांना मेल करा. तुमचं खरं संरक्षण हा मेल आहे, कारण उद्या ‘मला का नाही सांगितलं’ असा प्रश्न आला तर काय सांगायचं होतं हे दोघांनी मिळून ठरवलेलं असेल.

आठवड्याची यादी म्हणजे साधी ओपन पॉइंट लिस्ट. विषय, कुणाकडे आहे, कधीपर्यंत, आज कुठवर आलं. एकच पथ्य पाळा: त्या यादीत इतरांच्या नावापुढे जे लिहाल ते आधी त्यांना दाखवलेलं असू द्या. गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांना पाठवा, ‘उद्या सरांना देतेय, काही बदलायचं असेल तर सकाळी सांगा.’ नाहीतर हीच यादी आठवड्यातून एकदा जाणारा सीसी होऊन बसेल.

काही साहेब म्हणतात, ‘नको, मला सगळं सीसी हवंच.’ तेही होतं. तसं झालं तर वाद घालू नका, पण ती गोष्ट सहकाऱ्यांना स्पष्ट सांगा: ‘आमच्या सरांनी परचेसच्या सगळ्या मेलमध्ये ठेवायला सांगितलं आहे, ते तुमच्यासाठी नाही.’ आणि मेलच्या पहिल्या ओळीत लिहा, ‘सरांना प्रत केवळ माहितीसाठी.’ सरकारी पत्राची ती जुनी ओळ इथे खरोखर कामाला येते. एवढ्याने सगळा डंख जात नाही, पण कारणाची जागा रिकामी राहत नाही. आणि अशा ठिकाणी अडचणीचं पहिलं बोलणं फोनवर किंवा समोरासमोर ठेवा. मेल त्यानंतर, ठरलं तेवढ्याचाच.

मग तो सहकारी. त्याला मेल करू नका, चॅटवरही नको. त्याच्या इन्स्पेक्शनच्या टेबलाशी जा, शिफ्ट संपताना, जेव्हा आजूबाजूला फारसं कुणी नसतं. माफीचं मोठं भाषण नको, त्याने तो अवघडेल. मी तुमच्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं: ‘मला मेमो मिळाल्यापासून मी सगळ्यांनाच सीसी करत होते. तुझ्यावर संशय नव्हता, पण तुला तसं वाटणं चुकीचं नाही. आता मी सरांशी बोलले आहे. ग्राहकाची तारीख हलत असेल किंवा लॉट दुसऱ्यांदा परत जात असेल तेव्हाच त्यांना प्रत जाईल, आणि जाण्याआधी मी तुला सांगेन.’ यातलं शेवटचं वाक्य द्यायचं असेल तर पाळायचं, नाहीतर देऊ नका. एकदा मोडलं की पुन्हा त्याच्या टेबलाशी जायला तुमच्याकडे शब्द उरणार नाहीत.

त्याने पहिल्या दिवशी हसून हात पुढे करावा अशी अपेक्षा ठेवू नका. तोही दीड वर्ष स्वतःला सांभाळत होता. काही आठवडे तो त्याच्या साहेबांना सीसी करतच राहील. तुम्ही उत्तर देताना दोन्ही साहेबांची नावं गुपचूप काढू नका, तोही एक इशारा वाटतो. काम सुरळीत असेल तिथे सरळ नवा मेल लिहा, फक्त त्याला. तो पुन्हा सगळ्यांना घेऊन उत्तर देईल. घेऊ दे. तुम्ही पुढचाही मेल फक्त त्यालाच लिहा.

सीसी करायची खरी वेळ येईल, तेही सांगते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टोकाला जाणार नाही. समजा अहवाल अडकला आहे. एक मेल गेला, एक फोन झाला, ठरलेली वेळ टळून एक दिवस झाला आणि आता ग्राहकाची तारीख धोक्यात आहे. तेव्हा आधी त्याला फोन: ‘उद्या सकाळी दहापर्यंत अहवाल नसेल तर मला दोन्ही साहेबांना कळवावं लागेल, गुरुवारची डिलिव्हरी आहे. तुला काही अडचण असेल तर तीही त्यात लिहूया का?’ बऱ्याचदा इथेच कळतं की त्याच्याकडे मापं घेणारं सीएमएम मशीन दोन दिवस बंद आहे आणि त्याचे साहेबच त्याला माणूस देत नाहीयेत. मग दहा वाजता जो मेल जातो तो त्याच्याविरुद्ध नसतो, दोघांच्या वतीने असतो. त्यात वरिष्ठ सीसीला नकोत, सरळ ‘टू’मध्ये हवेत, कारण आता त्यांनी काहीतरी करायचं आहे: माल बाहेरून तपासून घ्यायचा, किंवा ग्राहकाशी बोलायचं. साहेबांकडून काम हवं असेल तर त्यांना उद्देशून लिहा. काहीच नको असेल तर त्यांचं नाव कशाला?

आणि कुणी तुम्हाला चुकीचं काहीतरी करायला सांगत असेल, म्हणजे रिजेक्ट माल पास दाखवा, मागची तारीख टाका, किंवा कुणी त्रास देत असेल, तर या सगळ्या सबुरीची गरज नाही. तिथे पहिल्याच दिवशी वर कळवा, लेखी. तसंच डिझाइनमधल्या त्या सहकाऱ्यालाही तुम्ही क्वालिटीवाल्याइतकीच मोकळीक द्यावी असं मी म्हणणार नाही. ज्याने एकदा शब्द फिरवला त्याच्याशी फोननंतरचा दोन ओळींचा मेल कायमचा ठेवा, फक्त त्याला लिहिलेला, न चुकता. तो मेल कंपनीच्याच खात्यावर राहू द्या. पुरावा म्हणून स्वतःच्या खाजगी जीमेलवर पाठवायचा मोह होईल, पण बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि मग मेमोचं कारण तुम्हीच पुरवलेलं असतं.

एके दिवशी क्वालिटीतून पुन्हा तसा अर्धा कच्चा फोन येईल: ‘लॉट जरा वर दिसतोय, अजून बघतोय.’ तेव्हा हात आपोआप कीबोर्डकडे जाईल. थोडं थांबा. त्याने पक्कं सांगेपर्यंत ते कुठेही लिहू नका, तेवढ्या वेळात व्हेंडरला फोन करून दुसरा लॉट आहे का विचारा. दुपारी त्याने पक्कं सांगितलं की दोन ओळी लिहा, ‘तू सांगितल्याप्रमाणे हा लॉट डेव्हिएशनला घेतेय, फॉर्म भरून तीनपर्यंत तुझ्याकडे देते’, आणि पाठवण्याआधी वर एकदा बघा, तिथे फक्त त्याचं नाव आहे ना.